एकाच स्कॅन पानावर चार तक्ते: वेगळ्या शीटवर, ओळखू येतील अशा शीर्षकांनी कसे काढायचे?

चौथा_मजला

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत २४ सदनिका आहेत. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आणि सभासदांनी विचारलं की सिंकिंग फंडात आणि दुरुस्ती निधीत दरवर्षी किती जमा झाले, किती गेले ते एकत्र दाखवा. जुने वार्षिक अहवाल कपाटात आहेत. ते स्कॅन करून घेतले, पण कागद वाचवायचा म्हणून त्या काळच्या कमिटीने सगळे हिशेब एका पानावर कोंबलेत.

नमुना म्हणून २००३-०४ चं पान सांगतो. वर अर्ध्या पानात ताळेबंद, ‘३१ मार्च २००४ अखेर’ असं शीर्षक. त्याखाली ‘निधींचा तपशील’, पूर्ण रुंदीचा तक्ता. त्याखाली शेजारी शेजारी दोन छोटे तक्ते: डावीकडे मुदत ठेवींच्या चार पावत्या, उजवीकडे थकबाकीच्या सहा सदनिका. अगदी तळाला एक फुलीची टीप. आकडे सगळे देवनागरी.

गुगल ड्राइव्हवर टाकून डॉक्स म्हणून उघडलं. मराठी बऱ्यापैकी वाचलं गेलं, पण तक्ते एकमेकांत मिसळले. खालच्या भागातली एक ओळ अशी आली:

```
३ ६०,००० १२-०८-२००५ सदनिका ९ ४,२००
```

यातले पहिले तीन आकडे ठेवीच्या पावतीचे आणि पुढचे थकबाकीचे. सदनिका ९ ने ठेव ठेवली की काय असं वाटावं! मला प्रत्येक तक्ता वेगळ्या शीटवर हवा आहे, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी फाइल उघडली तरी कुठला तक्ता कशाचा ते कळायला हवं. टाइप करायची तयारी आहे, पण अशी बरीच वर्षं आहेत.

गवतफुला

सोप्पं आहे की. पीडीएफ स्प्लिट करणाऱ्या कितीतरी साइट आहेत. फाइल टाकायची, चार फाइली होऊन मिळतात. मी मुलाच्या दाखल्यांचं असंच केलं होतं.

चौथा_मजला

ताई, त्या साइट पानं वेगळी करतात. माझं पान एकच आहे, त्यावरचे चार तक्ते वेगळे करायचेत.

गवतफुला

अच्छा, मग मी गप्प बसून वाचते. 🙂

पिव्होट_बंड्या

एक्सेल ३६५ असेल तर Data > Get Data > From File > From PDF. डाव्या खिडकीत Table001, Table002 असे सगळे तक्ते आपोआप वेगळे दिसतात. हवे ते निवडून Load केलं की प्रत्येक आपल्या शीटवर. दोन मिनिटांचं काम आहे. ताळेबंदाची डावी बाजू एक शीट, उजवी बाजू एक शीट, निधी, ठेवी, थकबाकी, अशी पाच शीट कर.

चौथा_मजला

केलं. यादीत एकही तक्ता येत नाही, आणि Page001 रिकामं दिसतं.

तिरपा_कागद

बंड्या म्हणतोय ती सोय चांगली आहे, पण ज्या पीडीएफमध्ये मुळात अक्षरं आहेत तिच्यासाठी. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. एक्सेलला तिथे अक्षर असं काही दिसतच नाही, मग तक्ता कुठून शोधणार? ओळखायची खूण अशी की पीडीएफ उघडून माउसने एखादा शब्द निवडून पाहायचा. शब्द निवडला गेला तर बंड्याचा मार्ग लागू, सगळं पान एकच चित्र म्हणून निळं झालं किंवा काहीच झालं नाही तर आधी ओसीआर हवं, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरकडून वाचून घेणं. पीडीएफमधून तक्ते काढणाऱ्या टॅब्युलाचंही तसंच, स्कॅनवर ते चालत नाही.

आता तुमच्या मिसळलेल्या ओळीबद्दल. ओसीआर ओळीने वाचतं. शेजारच्या दोन तक्त्यांमध्ये बोटभर जागा असली तरी त्याला ती एकाच ओळीतली मोकळी जागा वाटू शकते. शिवाय डावीकडे चार ओळी, उजवीकडे सहा, म्हणजे ओळींचं अंतर वेगळं. त्यामुळे कुठे दोन ओळी चिकटतात, कुठे एक सुटी राहते, आणि नंतर ते सोडवणं हे टाइप करण्यापेक्षा वैतागवाणं होतं. म्हणून वेगळं करायचं ते वाचून घेण्याच्या आधी, चित्र असतानाच. आधी कात्री, मग ओसीआर.

मी जुनी कागदपत्रं डिजिटल करण्याचं काम करते, तिथे आम्ही हा क्रम पाळतो. पान ३०० डीपीआयला चित्र करायचं. ए४ पान तेव्हा २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. मग तिरपेपणा काढायचा, मग कापायचं, मग प्रत्येक तुकडा टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरकडून वेगळा वाचून घ्यायचा.

```
pdftoppm -r 300 -png ahval.pdf paan
magick paan-1.png -deskew 40% +repage saral.png
magick saral.png -crop 1180x760+1260+2300 +repage thakbaki.png
tesseract thakbaki.png thakbaki -l mar --psm 6 tsv
```

तिसऱ्या ओळीतले आकडे म्हणजे रुंदी, उंची, मग डावीकडून आणि वरून किती अंतरावर कापायला सुरुवात करायची ते. तुमच्या पानाचे तुम्हीच मोजायचे. विंडोजवर पेंटमध्ये चित्र उघडा, माउस फिरवला की खाली डाव्या कोपऱ्यात पिक्सेलची जागा दिसते. मात्र मोजमाप `saral.png` वरूनच घ्या. तिरपेपणा काढताना चित्र फिरतं आणि थोडं मोठं होतं, त्यामुळे मूळ चित्रावर घेतलेली मापं सरकतात आणि नेमका शेवटचा आकडा अर्धा कापला जातो.

हे काळ्या खिडकीचं काम नको असेल तर पेंटमध्येच निवडून, Crop करून, वेगळ्या नावाने सेव्ह करा. फरक काही नाही, फक्त हात दुखतो.

`--psm 6` चा अर्थ ‘हा सगळा एकच सलग ठोकळा आहे, ओळीने वाच’. कापलेल्या तुकड्यावर हेच हवं. ते न देता सोडलं तर टेसरॅक्ट स्वतः रकाने ओळखायला जातं, आणि कधी कधी आधी सगळी नावं, मग सगळ्या रकमा अशा दोन रांगा हातात येतात. पण न कापलेल्या पानाला ६ दिलात तर पुन्हा तुमची सदनिका ९ ठेवीदार होईल.

जमाखर्च

मी निवृत्त लेखापरीक्षक. संगणकातलं कळत नाही, पण बंड्याने ताळेबंद दोन शीटवर तोडायला सांगितलं ते वाचून राहवलं नाही. डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे जिंदगी व येणी, ह्या एकाच पत्रकाच्या दोन बाजू आहेत. मध्ये जाड रेघ असली म्हणून दोन तक्ते होत नाहीत. दोन्हीकडची बेरीज एक आली पाहिजे, हाच ताळेबंदाचा ताळा. दोन शीटवर गेल्या की कोण बघतंय?

पिव्होट_बंड्या

काका, पण शेजारी शेजारी दोन बाजू ठेवल्या तर फिल्टर लागत नाही, पिव्होट होत नाही. दोन शीट केली की दोन्ही स्वच्छ राहतात.

तिरपा_कागद

दोघांचंही खरं आहे, जागा वेगळ्या आहेत. कापताना ताळेबंदाचे दोन तुकडे कराच, नाहीतर तिथेही डावी-उजवी ओळ चिकटेल. मांडताना मात्र एकच शीट. उजवी बाजू डाव्या बाजूच्या शेजारी न ठेवता तिच्याखाली ठेवा आणि ‘बाजू’ नावाचा एक रकाना करा, त्यात प्रत्येक ओळीला ‘देणी’ किंवा ‘येणी’. बंड्याचा फिल्टरही लागेल आणि काकांचा ताळाही एका जागी राहील.

चौथा_मजला

हे पटलं. काल रात्री बसून सहा तुकडे पाडले: ताळेबंद डावा, ताळेबंद उजवा, निधी, ठेवी, थकबाकी आणि तळाची टीप. थकबाकी तर एकदम स्वच्छ आली. पण दोन अडचणी आहेत.

एक, एक्सेलमध्ये बेरीज शून्य येते. आकडे दिसतात, पण SUM म्हणतं ०.

दोन, टाइप करून पाहिलं तर ताळेबंदाच्या डाव्या बाजूची बेरीज ७,१४,९०० येते. पानावर ३,७८,००० छापलंय.

तिरपा_कागद

पहिलं सोपं. देवनागरी अंक तिथे मजकूर म्हणून बसलेत, म्हणून बेरजेत धरले जात नाहीत. टेसरॅक्टची फाइल एक्सेलमध्ये न्यायच्या आधीच अंक बदलून घ्या:

```
sed 'y/०१२३४५६७८९/0123456789/' thakbaki.tsv > thakbaki2.tsv
```

किंवा एक्सेलमध्ये दहा वेळा Find & Replace. एकदा केलं की झालं. दुसरं काकांना विचारा, मला संशय आहे पण त्यांच्या तोंडून ऐकायला आवडेल.

जमाखर्च

७,१४,९०० मधून ३,७८,००० वजा करा. ३,३६,९०० राहतात. पानावर हा आकडा शोधा, ‘राखीव व इतर निधी’ समोर सापडेल.

चौथा_मजला

सापडला! तिथेच आहे. कसं ओळखलंत?

जमाखर्च

चाळीस वर्षं तेच केलं. जुन्या पत्रकात रकमेचे दोन रकाने असत, आतला आणि बाहेरचा. आतल्या रकान्यात पोटतपशील: राखीव निधी ३८,४००, सिंकिंग फंड १,९२,०००, दुरुस्ती निधी १,०६,५००. या तिघांची बेरीज बाहेरच्या रकान्यात ३,३६,९००. तुम्ही दोन्ही रकाने एकाच रांगेत घातलेत, म्हणून निधी दोनदा धरले गेले.

तिरपा_कागद

आणि हे ओसीआरमध्ये हमखास होतं, कारण आतल्या रकान्याला वर वेगळं नाव नसतं. नुसतं थोडं डावीकडे सरकलेलं असतं. म्हणून ताळेबंदाच्या शीटवर बाहेरच्या रकान्यातल्या उपबेरजा उतरवूच नका. प्रत्येक बाब एकदाच, आणि ‘गट’ असा रकाना करून तिथे ‘राखीव व इतर निधी’ लिहा. उपबेरीज लागेल तेव्हा एक्सेल काढून देईल. तुमची शीट अशी दिसेल:

```
बाजू | गट | तपशील | 31-3-2003 | 31-3-2004
देणी | राखीव व इतर निधी | राखीव निधी | 35900 | 38400
देणी | राखीव व इतर निधी | सिंकिंग फंड | 168000 | 192000
देणी | राखीव व इतर निधी | दुरुस्ती निधी | 92100 | 106500
येणी | गुंतवणूक | मुदत ठेवी | … | 295000
```

मागील वर्षाचा रकाना गाळू नका. छापील पानावर तो तपशिलाच्या डावीकडे असतो, तो इथे उजवीकडे आणला तरी चालेल. त्याचा उपयोग पुढे सांगते.

साखरवाडीचा_पाव्हणा

आमचा पण असाच घोळ आहे. कारखान्याचे जुने अहवाल आहेत, पण त्यात एकच तक्ता तीन पानांवर. प्रत्येक पानाच्या शेवटी ‘पुढे नेले’ आणि दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला ‘मागून आणले’. त्याचं काय करायचं? तीन शीट की एक?

तिरपा_कागद

तुमचा प्रश्न उलटा आहे, इथे एका पानाचे अनेक तक्ते आणि तुमच्याकडे एका तक्त्याची अनेक पानं. शीट एकच. ‘पुढे नेले’ आणि ‘मागून आणले’ या ओळी काढून टाकायच्या, नाहीतर बेरीज फुगते. पण काढायच्या आधी दोन्हीकडचा आकडा एकच आहे ना ते पाहून घ्या, पान निसटलं असेल तर तिथेच कळतं.

साखरवाडीचा_पाव्हणा

एक पान खरंच निसटलंय असं वाटतंय. वेगळा धागा काढतो.

चौथा_मजला

ताळेबंद आता जुळला, दोन्ही बाजू ३,७८,०००. निधींच्या तक्त्यात गोंधळ आहे. ओसीआरने दिलं ते असं:

```
तपशील | आरंभी | भर | खर्च | अखेर
राखीव निधी | 35900 | 2500 | 0 | 38400
सिंकिंग फंड | 168000 | 24000 | 0 | 192000
दुरुस्ती निधी | 92100 | 36000 | 29600 | 106500
```

तिसऱ्या ओळीत ९२,१०० अधिक ३६,००० म्हणजे १,२८,१००. त्यातून २९,६०० गेले तर ९८,५०० राहायला हवेत. पानावर १,०६,५०० आहेत. फरक ८,०००. हा त्या वेळच्या खजिनदारांचा घोळ समजायचा का?

जमाखर्च

फरकाला ९ ने भाग जातो का बघा. जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. ५४ चे ४५ झाले की फरक ९, ६२० चे २६० झाले की ३६०. आम्ही चूक शोधताना पहिलं हेच बघायचो.

चौथा_मजला

८,००० ला ९ ने भाग जात नाही काका.

तिरपा_कागद

काकांची युक्ती माणसाने टाइप केलेल्या आकड्यांना लागू पडते, कारण अदलाबदल बोटं करतात. यंत्र अदलाबदल करत नाही, ते एका अंकाऐवजी त्याच्यासारखा दिसणारा दुसरा वाचतं. देवनागरीत सगळ्यात जास्त फसतात ते १ आणि ९. शाई जरा फाकली की १ च्या खालच्या शेपटीचा नऊ होतो. आणि ९ वजा १ म्हणजे ८. म्हणजे फरक ८, ८०, ८०० किंवा ८,००० असा आला, की पहिला संशय १-९ वर. ५ आणि ६ फसले तर फरक १ आणि पुढे शून्यं.

तुमचा फरक ८,०००, म्हणजे हजाराच्या घरात बघा. २९,६०० मधला तो ९ मूळ पानावर मोठा करून पाहा. १ असेल.

चौथा_मजला

आहे! २१,६०० आहे. मोठं केल्यावर एकाची शेपटी स्पष्ट दिसते, जरा डाग पडलाय. खजिनदारांची मनातल्या मनात माफी मागितली. 😄

तिरपा_कागद

टेसरॅक्ट त्या `tsv` फाइलीत `conf` नावाचा रकाना देतं, प्रत्येक शब्दाबद्दल त्याला किती खात्री आहे ते. त्यावर फार विसंबू नका. खराब शब्द शोधायला बरा, पण १ चा ९ ते पूर्ण आत्मविश्वासाने वाचतं. आकड्यांची खात्री आकड्यांनीच करायची. तुमच्या निधीच्या शीटवर शेवटी एक रकाना करा:

```
=B6+C6-D6-E6
```

प्रत्येक ओळीत शून्य आलं पाहिजे.

आता तक्ते एकमेकांशी ताडून पाहायचे, आणि एका पानावरचे तक्ते असण्याचा हाच मोठा फायदा. निधीच्या शीटवरचा ‘अखेर’ रकाना म्हणजे ताळेबंदातल्या निधींचा ३१-३-२००४ चा रकाना. ‘आरंभी’ रकाना म्हणजे ताळेबंदातला मागील वर्षाचा. म्हणून तो गाळू नका म्हटलं. ठेवींची बेरीज ताळेबंदातल्या मुदत ठेवींइतकी, थकबाकीची बेरीज ‘सभासदांकडून येणे’ इतकी. करून सांगा.

चौथा_मजला

निधी जुळले, दोन्ही रकाने. ठेवी: १,००,०००, ७५,०००, ६०,०००, ६०,०००, एकूण २,९५,०००. जुळलं. थकबाकी: सहा सदनिका मिळून ३७,४००. ताळेबंदातही ३७,४००. 

आता शीर्षकं. मी शीटच्या टॅबवर अख्खं शीर्षक टाकायला गेलो, ‘३१ मार्च २००४ अखेर मुदत ठेवींचा तपशील’, तर ‘ठेवींचा’ च्या पुढे टाइपच होत नाही.

पिव्होट_बंड्या

टॅबला ३१ अक्षरांची मर्यादा आहे. एक्सेलचा जुना नियम.

चौथा_मजला

पण हे मोकळ्या जागा धरून २७ होतात, मोजली मी.

पिव्होट_बंड्या

एका सेलमध्ये ते शीर्षक लिही आणि `=LEN(A1)` करून बघ. ३७ येतील. आपल्या दृष्टीने ‘ठेवींचा’ तीन अक्षरं, एक्सेल त्यात मात्रा, वेलांटी, अनुस्वार, काना सगळं वेगळं मोजतं, म्हणजे सात. जोडाक्षर असलं तर पाय मोडल्याचा पण एक. मराठी टॅब लवकर भरतात ते म्हणून. आणि टॅबमध्ये `: \ / ? * [ ]` चालत नाहीत, तेव्हा 2003/04 नको, 2003-04 लिही. एका फाइलीत दोन टॅबना एकच नाव पण चालत नाही.

हे तरी माझं शंभर टक्के बरोबर आहे, ताई तपासून बघा. 😏

तिरपा_कागद

बरोबर आहे बंड्या. 🙂

म्हणून टॅबचं नाव आणि तक्त्याचं शीर्षक या दोन वेगळ्या गोष्टी ठेवायच्या. टॅबचं नाव सापडण्यापुरतं: `2004 निधी`, `2004 ठेवी`. पूर्ण शीर्षक शीटच्या आत.

शीर्षक छापील पानावरून जसंच्या तसं उतरवलंत तर पुरणार नाही. तुमच्या पानावर ‘निधींचा तपशील’ एवढंच आहे. पानावर असताना ते पुरतं, कारण वर ताळेबंदाच्या डोक्यावर तारीख आहे. शीट वेगळी झाली की तारीख मागे राहिली. रक्कम रुपयांत की हजारांत, हेही पानावर एकदाच, उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. कापल्यावर ते एकाच तुकड्याबरोबर जातं आणि बाकीचे तीन पोरके होतात. तेव्हा प्रत्येक शीर्षकात ती माहिती परत भरायची.

तारखेच्या बाबतीत एक गोष्ट नीट बघा. ताळेबंद, ठेवी, थकबाकी हे ‘अखेर’चे आहेत, त्या दिवशीची स्थिती. निधीचा तक्ता वर्षभराची हालचाल आहे. त्याच्या डोक्यावर ‘३१ मार्च २००४ अखेर’ घातलं तर भर आणि खर्च त्या एका दिवसाचे वाटतील. मी असं लिहीन:

```
A1: निधींची हालचाल, 1 एप्रिल 2003 ते 31 मार्च 2004
A2: रक्कम रुपयांत
A3: मूळ: वार्षिक अहवाल 2003-04, हिशेबाचे पान, मधला तक्ता
A5: (येथून रकान्यांची नावे)
```

चौथी ओळ मोकळी सोडा, म्हणजे एक्सेल शीर्षकाला तक्त्याचा भाग समजत नाही. आणि सेल मर्ज करून शीर्षक मधोमध आणायचा मोह टाळा, पुढे रकाने हलवताना तेच आडवं येतं.

जिथे मूळ पानावर शीर्षकच नसेल आणि तुम्ही तयार केलं असेल तिथे ते चौकटी कंसात टाका. छापलेलं कोणतं आणि तुमचं कोणतं ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

चौथा_मजला

आणि ती तळाची फुलीची टीप? ‘या पावत्या अध्यक्ष व खजिनदार यांच्या संयुक्त सहीने’ अशी आहे. पानाच्या तळाला आहे म्हणून मी सगळ्या शीटवर चिकटवणार होतो.

तिरपा_कागद

पानावर फुली कुठे कुठे आहे ते शोधा. ज्या आकड्याला फुली, त्याच तक्त्याची टीप.

चौथा_मजला

फक्त ठेवींच्या तिसऱ्या आणि चौथ्या पावतीला आहे. ओसीआरने ती फुली खाल्ली होती, म्हणून दिसली नाही.

तिरपा_कागद

मग ती ठेवींच्या शीटवरच, आणि आकड्याला फुली न लावता शेजारी ‘शेरा’ असा रकाना करून त्या दोन ओळींत लिहा. आकड्याला फुली चिकटवली की तो पुन्हा मजकूर झाला आणि बेरजेतून गेला.

पिव्होट_बंड्या

माझा अजूनही एक विरोध आहे. A1 ते A3 मध्ये शीर्षकं ठेवली की दरवेळी वरच्या ओळी वगळून काम करावं लागतं. त्यापेक्षा पहिल्या ओळीपासून थेट रकाने, आणि ‘सूची’ नावाची एकच शीट, तिच्यात प्रत्येक टॅबचं पूर्ण शीर्षक, तारीख, मूळ पान. क्लिक केलं की त्या टॅबवर. स्वच्छ.

तिरपा_कागद

सूची हवीच, पण तिच्या एकटीच्या भरवशावर नको. कोणीतरी फक्त ठेवींची शीट छापून बैठकीत वाटणार, आणि तिच्यावर ना वर्ष ना काही.

पिव्होट_बंड्या

छापताना Header मध्ये टाकता येतं.

तिरपा_कागद

येतं. आणि शीट दुसऱ्या फाइलीत कॉपी करून मेलने पाठवली की सूची मागेच राहते. तुझ्या कामात पिव्होट पहिलं, माझ्यात कागद कुठून आला ते पहिलं. यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

जमाखर्च

मला वेगळंच विचारायचंय. दरवर्षी चार शीट, आणि अशी पंधरा-वीस वर्षं म्हटली तर टॅबच टॅब होतील. सभासदांना बघायचंय सिंकिंग फंडाचं वर्षावार. ते कुठे दिसणार?

चौथा_मजला

हाच माझाही पुढचा प्रश्न होता. वर्षाची एक फाइल आणि त्यात चार शीट, की निधीची एकच लांब शीट आणि ‘वर्ष’ असा रकाना?

पिव्होट_बंड्या

लांब शीट. विचारायची गोष्टच नाही.

तिरपा_कागद

शेवटी लांब शीट, हो. पण आधी वर्षाच्या फाइली पूर्ण करून, प्रत्येक पान स्वतःपुरतं जुळल्यावर. एकदम लांब शीटवर भरायला घेतलंत तर २००१ चा १-९ चा घोळ कुठल्या ओळीत आहे ते शोधत बसाल. आणि वर्षं एकाखाली एक आली की आणखी एक ताळा फुकट मिळतो: एका वर्षाचं ‘अखेर’ म्हणजे पुढच्या वर्षाचं ‘आरंभी’.

जमाखर्च

तो जुळला नाही तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. कधी लेखापरीक्षणात दुरुस्ती नोंद होते आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात मागील वर्षाचे आकडे फिरवून छापतात. तसं असेल तर दोन्ही पानं बरोबर असतात.

चौथा_मजला

काका, हे नेमकं कामाचं बोललात. २००५-०६ च्या पानावर थकबाकीच्या एका आकड्यावर निळ्या शाईने काट मारून शेजारी दुसरा लिहिलाय, बारीक सही पण आहे. शीटवर कुठला घ्यायचा?

जमाखर्च

सही आहे तर शाईचा.

तिरपा_कागद

मी छापलेला घेईन, आणि शाईचा ‘शेरा’ मध्ये. ताळेबंदातली बेरीज छापलेल्याशी जुळते की शाईच्या आकड्याशी, ते आधी पाहा.

चौथा_मजला

छापलेल्याशी जुळते.

जमाखर्च

मग सही कोणाची आहे ते आधी शोधा. ऑडिटरची असेल तर दोष दुरुस्ती अहवालात त्याची नोंद सापडायला हवी. त्या वर्षीचा तो अहवाल आहे का कपाटात?

चौथा_मजला

कपाटाची किल्ली माजी सचिवांकडे आहे. रविवारी बघतो.